सकाळी आठला खाल्लेले अकरापर्यंत पुरते का?

महाराष्ट्रातून म्हैसूरला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला न्याहारीची नावे पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. पोहे म्हणजे अवलक्की, उपमा म्हणजे उप्पिट्टू. आपले ‘उपीट’ तिथलेच सोयरे. त्याचा खरा प्रश्न मात्र निराळा असतो. आठला खाऊन निघाल्यावर साडेदहाच्या तासाला पोट का कुरकुरते, आणि कधी कधी दुपारपर्यंत भुकेची आठवणही का होत नाही?

तुलना न्याय्य व्हावी म्हणून प्रत्येक पदार्थाचे कोरडे धान्य साठ ग्रॅम धरू. साठ ग्रॅम पोह्यांत सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने आणि दोन ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच रव्यात प्रथिने सात ग्रॅमच्या आसपास भरतात. कणकेत ती थोडी कमी, सव्वासहा ग्रॅम. पण कोंडा शाबूत असल्याने तंतू जवळजवळ सात ग्रॅम मिळतात. बटाट्याच्या सारणाने पराठ्याची प्रथिने फारशी वाढत नाहीत, ती वाढतात सोबतच्या दह्याने. मक्याच्या कुरकुरीत पोह्यांची वाटी साधारण तीस ग्रॅमची असते. तिच्यात जी आठ-नऊ ग्रॅम प्रथिने म्हणून सांगितली जातात, त्यांतली सहाहून अधिक दुधाची असतात. जाहिरात धान्याची, काम गाईचे!

इडलीचे गणित सर्वांत रंजक. वजनाने तीन भाग तांदूळ आणि एक भाग उडीद डाळ धरली, तर साठ ग्रॅममध्ये पंचेचाळीस ग्रॅम तांदूळ आणि पंधरा ग्रॅम डाळ येते. तांदळाची प्रथिने साडेतीन ग्रॅम, डाळीचीही साडेतीनच. म्हणजे मध्यम आकाराच्या चार इडल्यांतली निम्मी प्रथिने चौथाई वजनाच्या उडदाकडून येतात. शिवाय तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. पीठ आंबल्याने प्रथिनांचे वजन लक्षणीय वाढत नाही. आंबवण्यात फायटेट कमी होते, त्यामुळे लोह आणि जस्त शोषायला मदत होते, हा लाभ वेगळा. उडदात काटकसर केलेली इडली बोटालाच कळते: वायू धरून ठेवणारी डाळीची चिकट प्रथिने आणि बहुशर्करा कमी पडतात आणि इडली बसकी, घट्ट होते.

तरीही नुसती इडली दीर्घकाळ पुरत नाही. बारीक दळलेले, आंबवलेले आणि वाफेवर पूर्ण शिजलेले पिष्ट लवकर पचते. तिची उणीव सांबार भरून काढते, पण ते खरोखर डाळीचे असेल तर. वाटीत वीस ग्रॅम तूरडाळ असेल तर चार ग्रॅम प्रथिने आणि दीड-दोन ग्रॅम तंतूंची भर पडते. वाटी पाच मिनिटे तशीच ठेवावी. तळाशी डाळीचा जाड थर बसला तर ठीक. वर निव्वळ चिंचेचे पाणी तरंगत राहिले, तर साडेदहाची सूचना आधीच मिळाली.

याच म्हैसूरात 1950 साली चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथे तयार झालेले ‘इंडियन मल्टिपर्पज फूड’ म्हणजे तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग, वर जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम. तृणधान्याच्या जेवणात ते थोडे मिसळायचे, एवढीच कल्पना. पोह्यांवर मूठभर शेंगदाणे टाकणारी गृहिणी वेगळे काय करते? वीस ग्रॅम दाण्यांनी पोह्यांची प्रथिने साडेचारांवरून नऊ ग्रॅमवर जातात आणि तंतू दुप्पट होतात.

मात्र दाण्यांबरोबर सुमारे एकशे दहा कॅलरीही येतात, पराठ्यावरच्या दोन चमचे तेलातून नव्वद. पराठा जास्त वेळ पुरतो, त्याचे काही श्रेय या जादा ऊर्जेचे. हा घोळ टाळण्यासाठी सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 38 पदार्थ सारख्याच 240 कॅलरींच्या प्रमाणात खायला दिले आणि दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, खाणाऱ्यांना भूक किती शमली ते विचारले. पांढरा पाव 100 धरला, तेव्हा मक्याचे पोहे 118 वर थांबले आणि ओटची लापशी 209 पर्यंत गेली. त्या यादीत इडलीही नव्हती आणि अवलक्कीही. वसतिगृहातल्या चार मित्रांनी हाच प्रयोग करायचा ठरवला, तर वजनकाटा, घड्याळ आणि एक वही पुरेल. फक्त चारही दिवशी सारख्याच कॅलरी आणि आदल्या रात्रीचे जेवण सारखेच ठेवावे लागेल.