एका थेंबाची करामत

आमच्या विज्ञान शाखेच्या मुलांना एक खोड असते. पुस्तकातली गोष्ट परीक्षेच्या पेपरात बरोबर लिहायची आणि स्वयंपाकघरात शिरलं की साफ विसरायची! माझी ही खोड गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उघडी पडली, तीही मावशीच्या चॉकलेटात.

मावशी सुरतेला, नवागाममध्ये राहते. उधना स्टेशन तिथून फार लांब नाही. त्या भागात खानदेशातून आलेली इतकी मराठी घरं आहेत की आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच आठवतं. दिवाळीत मावशी घरीच चॉकलेटं करून विकते. त्या दिवशी दीडशे चॉकलेटांची मागणी होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. घरात चारशे ग्रॅमच्या चार लाद्या होत्या. तीन लागणार, एक जादा.

"मी बाजारात जाऊन येते, तू एक लादी वितळवून ठेव," असं म्हणून मावशी गेली. मी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर वाडगा ठेवला, त्यात चॉकलेटचे तुकडे टाकले आणि लवकर व्हावं म्हणून, भातावर ठेवतो तशी, वर ताटली झाकली. इथेच घात झाला. ताटलीखाली वाफेचे थेंब जमले आणि टपटप आत पडले. झाकण काढून ढवळतो, तर चकचकीत पातळ चॉकलेट डोळ्यांदेखत घट्ट, निस्तेज झालं. ओल्या मातीसारखा गोळा चमच्याला धरून बसला. मला वाटलं, उष्णता कमी पडली. मी गॅस वाढवला. गोळा आणखी रवाळ झाला.

मावशीने आल्याबरोबर आधी गॅस बंद केला आणि वाडग्यात नाक घातलं. "करपल्याचा वास नाही. म्हणजे वाचेल. करपलं असतं तर दूध घालूनही उपयोग नव्हता." मग तिने दूध कोमट केलं आणि पोह्याचा एक चमचा भरून त्यात घातलं. गोळा आणखीच घट्ट झाला! "अगं, पाण्यानेच बिघडलंय आणि तू आणखी ओततेस?" मी ओरडलो. ती शांतपणे दुसरा चमचा घालून घोटत राहिली. चौथ्या चमच्याला गोळ्याच्या कडा सैल झाल्या. सातव्या चमच्याला, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या आसपास दूध गेल्यावर, सगळं पुन्हा सायीसारखं मऊ, चकचकीत झालं.

कारण मला रात्री उमगलं. चॉकलेट म्हणजे पातळ स्निग्धात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे, बारीक कण. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला तर गठळ्या होतात ना? तसंच इथे होतं. थेंबभर पाण्याने साखरेचे कण चिकट होऊन एकमेकांना धरतात. पण त्याच साखरेत पेलाभर पाणी ओतलं तर गठळ्या विरघळून पाक होतो. म्हणजे थोडं पाणी वाईट, पुरेसं पाणी चांगलं. मधल्या टप्प्यात घाबरून थांबलं तर मात्र फसगत. चॉकलेटच्या वजनाच्या साधारण पाव भाग द्रव लागतो. तो गार असेल तर स्निग्ध थिजतं, म्हणून कोमट हवा.

पण हे वाचलेलं चॉकलेट साच्यात घालता येत नाही. ते पूर्वीसारखं कडक होऊन 'टक्' असं मोडत नाही, मऊच राहतं. मावशीने ते फ्रीजमध्ये ठेवलं, तासाभराने लहान गोळ्या वळून खोबऱ्याच्या किसात घोळवल्या. दूध पडल्यामुळे त्या चार दिवसांत संपवायच्या होत्या; आम्ही दोन दिवसांत संपवल्या!

उरल्या बरोबर तीन लाद्या. आता चूक परवडणार नव्हती, म्हणून मावशी स्वतः बसली. चॉकलेट बारीक चिरलं. वाडगा पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठा घेतला, म्हणजे कडेची वाफ आत वळत नाही. पाणी जेमतेम बोटभर, वाडग्याच्या बुडाला न लागणारं. पाणी उकळल्यावर गॅस बंद केला आणि मगच वाडगा वर ठेवला. झाकण नाही. दोन तृतीयांश चॉकलेट वितळताच तिने वाडगा खाली उतरवला. बाकीचं नुसतं ढवळून वितळलं. बोटाला सोसवेल इतपतच ते गरम होतं.

मी साचे पुढे केले. ती वाडगा कलंडणार, एवढ्यात थांबली. "फडकं दे. कोरडं." वाडग्याच्या बुडाला वाफेचं पाणी लागलेलं होतं, कलंडताना ते ओघळून थेट साच्यात गेलं असतं. तिने बूड पुसलं, दीडशे चॉकलेटं भरली. मला रात्रभर साचे धुण्याचं काम मिळालं. आणि धुण्यापेक्षा पुसण्याचं जास्त!