‘cat’ला तीन ओळी

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. ग्वाल्हेरच्या आमच्यासारख्या घरांत शाळा हिंदीतून किंवा इंग्रजीतून होते आणि मराठी जेवणाच्या ताटापुरती उरते. त्यामुळे कॉम्प्युटर मराठीत बोलतोय हे ऐकूनच आधी मजा वाटते. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो, आणि सोबत त्याची लेखी संहिताही मिळते. तिच्यात दोनच रकाने असतात, वेळ आणि निवेदन.

म्हणजे तक्ता आधीच आहे, पण तो घड्याळाचा. कुठल्या मिनिटाला काय बोललं जातं ते कळतं. मला rm हवं असेल तर ते कितव्या मिनिटाला आहे हे आधी ठाऊक पाहिजे. मंडळाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, आणि अंकासाठी आलेले लेख मुलं त्यावरच साध्या फाइलींत टाइप करतात. भिंतीवर चिकटवायला एक पान हवं होतं: कमांड, कशासाठी, उदाहरण. ते काम माझ्याकडे आलं, आणि मी cat, cp, mv, rm, cmp, wc असलेला फाइलींचा धडा घेतला.

पहिली गंमत अशी की निवेदनातल्या कमांड कानासाठी असतात. ‘कॅट स्पेस ग्रेटर दॅन चिन्ह स्पेस, मग फाइलचं नाव, आणि एंटर दाबा’ अशा धर्तीची वाक्यं. ऐकताना ती बरोबर वाटतात. कागदावर मात्र ती परत चिन्हांत आणावी लागतात:

```
cat > lekh1.txt
```

ही कमांड कशासाठी? धड्यात ती फाइल तयार करायला येते, तेव्हा दुसऱ्या रकान्यात सरळ ‘नवीन फाइल तयार करणे’ लिहावंसं वाटतं. आमच्या आधी कुणीतरी बनवलेलं एक पान मुलांमध्ये फिरत होतं, त्यात नेमकं तेच लिहिलेलं होतं. एका फर्स्ट इयरच्या मुलीनं आपल्या आजीच्या लश्करच्या वाड्यातल्या आठवणी चार संध्याकाळी बसून टाइप केल्या होत्या. पाचव्या दिवशी आणखी दोन परिच्छेद घालायला तिनं त्या पानावरून हीच कमांड त्याच फाइलच्या नावानं दिली. एंटर दाबल्याबरोबर फाइल रिकामी झाली. ‘ताई, मी काहीच पुसलं नाही, फक्त लिहायला सुरुवात केली,’ ती म्हणत राहिली, आणि ते खरंच होतं. कॉपी कुठंच नव्हती. आजी आता इतकं सलग बोलत नाही.

त्या पानावरचं वाक्य धड्यात खोटं नाही. धड्यात ती कमांड येते तेव्हा त्या नावाची फाइलच नसते, म्हणून ती तयार होते. फाइल आधीपासून असेल तर तीच कमांड ती आधी कोरी करते आणि मग लिहू देते. निवेदनात एका वाक्यामागून दुसरं येतं, त्या क्रमातून हे आपोआप सांभाळलं जातं. तक्त्यात ओळ सुटी होते. तिच्या आधी काय झालंय हे कुणी सांगत नाही.

म्हणून मी कमांड वेचायच्या आधी धड्याच्या समासात पेन्सिलीनं दोन गोष्टी लिहीत गेले: ही कमांड देण्याआधी कुठल्या फाइली आहेत, आणि दिल्यानंतर कुठल्या उरल्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्यातूनच दिसलं की cat नावाची एक ओळ पुरणार नाही. नाव एक असलं तरी परिणाम तीन आहेत. शिवाय धडा आधी साधं cp, mv, rm सांगतो आणि विचारून करणारं -i पुढे जोडतो. शिकवताना तो क्रम ठीक आहे. भिंतीवरच्या पानात मात्र लोक पहिली दिसेल तीच ओळ उचलतात, म्हणून तिथं -i असलेलंच रूप ठेवलं.

| कमांड | कशासाठी | उदाहरण |
|---|---|---|
| `cat फाइल` | फक्त वाचायला. काही बदलत नाही | `cat lekh1.txt` |
| `cat > फाइल` | कोऱ्या पानापासून लिहायला. त्या नावाची फाइल असेल तर आतलं सगळं जातं. संपवायला नव्या ओळीवर Ctrl+D | `cat > lekh2.txt` |
| `cat >> फाइल` | असलेल्या मजकुराच्या शेवटी जोडायला. संपवायला तसंच Ctrl+D | `cat >> lekh1.txt` |
| `cp -i जुनी नवी` | दुसरी प्रत करायला. नव्या नावाची फाइल असेल तर आधी विचारतं | `cp -i lekh1.txt lekh1-prat.txt` |
| `rm -i फाइल` | कायमची पुसायला. कचरापेटीत जात नाही | `rm -i lekh2.txt` |

Ctrl+D ही कमांड नाही, म्हणून कमांड वेचताना ती सुटून जाते. मग लिहिणारा एंटर मारत बसतो, कर्सर लुकलुकत राहतो आणि त्याला वाटतं मशीन अडकलं. इशाऱ्यांसाठी चौथा रकाना करायचा मोह होतो, पण पान उभं छापलं की शेवटचा रकाना आधी कापला जातो. म्हणून ते दुसऱ्याच रकान्यात कोंबले. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

rm पाशी मराठीनंच अडवलं. मी आधी ‘फाइल काढणे’ लिहायला निघाले होते. पण आपल्याकडे ‘जरा ती फाइल काढ’ म्हणजे कपाटातून आण, उघड! ‘मिटवणे’ लिहिलं तर ग्वाल्हेरच्या पोरांना हिंदीमुळे लगेच कळेल, पण मराठीत आपण डोळे मिटतो. शेवटी ‘कायमची पुसायला’ ठेवलं.

wc ची ओळ मी या तक्त्याबाहेर ठेवली, कारण तिला उदाहरणासोबत उत्तरही दाखवावं लागतं. लेखाची शब्दमर्यादा बघायला ती रोज लागते. साधं wc तीन आकडे देतं: ओळी, शब्द आणि बाइट. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा तिसऱ्या आकड्याला कुणी ‘अक्षरं’ म्हटलं तरी चालून जातं. मराठीत चालत नाही. फाइलीत नुसतं ‘मराठी’ लिहून एंटर मारा आणि ही कमांड द्या:

```
wc shabda.txt
```

उत्तर येतं 1, 1 आणि 16. डोळ्याला अक्षरं तीनच दिसतात. कॉम्प्युटर म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतो, प्रत्येकाला तीन बाइट, झाले पंधरा, आणि सोळावा बाइट एंटरचा. `wc -m` दिलं तर 6 येतं, तेही तीन नव्हेच. त्यामुळे भिंतीवर ‘अक्षरं मोजायला’ असं काही लिहिलंच नाही. फक्त `wc -w`, शब्द मोजायला. संपादकांनाही तेवढंच हवं असतं.

पान लावण्याआधी रिकाम्या फोल्डरमध्ये ते वरपासून खालपर्यंत चालवून बघितलं, तर पहिलीच ओळ अडली, कारण lekh1.txt अजून कुठं होती! मग सगळ्या ओळींच्या वर एक वाक्य आलं: ‘lekh1.txt मध्ये तुमचा लेख आहे असं धरलं आहे.’

खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, कुणाला काही घालायचं असेल तर. महिन्याभरात एक भरली. अक्षर कुणाचं आहे कळत नाही. कमांडच्या रकान्यात `pwd`, आणि ‘कशासाठी’मध्ये लिहिलंय, ‘मी आहे कुठल्या फोल्डरमध्ये?’