प्रत माहितीसाठी

माझे वडील धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. शाळा सुटली की मी पुष्कळदा त्यांच्या टेबलाशी जाऊन बसे आणि ते टंकयंत्रात तीन कागद व त्यांच्यामध्ये दोन कार्बन घालताना मोठ्या कौतुकाने पाहत राही. वरचा कागद ज्याचा त्याला जाई. दुसरा स्थळप्रत म्हणून दप्तरी राही. तिसऱ्या कागदाच्या तळाशी मात्र डाव्या बाजूला एक ओळ असे : ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’, आणि पुढे कोण्या साहेबाचे पद. ही तिसरी प्रत कशाला, असे मी एकदा विचारले. वडील म्हणाले, “पत्र कोणाला आहे ते वर वाचून पोरासोरालाही कळतं. ते का लिहिलंय, हे खालची प्रत कोणाला आहे त्यावरून कळतं.”

त्यावेळी यातले मला काही उमगले नाही. उमगण्यासाठी मला जळगावच्या एका महाविद्यालयात मराठीचा अध्यापक व्हावे लागले, केस पिकू द्यावे लागले, आणि नव्या शैक्षणिक धोरणाची वाट पाहावी लागली.

झाले असे, की २०२३-२४ पासून आमच्या एम. ए.च्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात, ऑन जॉब ट्रेनिंग आले. ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास, मुलांनी बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे. वाणिज्यवाल्यांचे बरे असते. त्यांना बँका आहेत, पेढ्या आहेत. मराठीच्या मुलांना कोण घेणार? ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या मुलीला केळीच्या गोदामावर नेमके काय काम द्यायचे? वर्गात १४ मुले होती. डिसेंबरात मी वहीत जळगाव आणि धुळे मिळून ११ ठिकाणे लिहून काढली : वाचनालये, छापखाने, वर्तमानपत्रांची कार्यालये, एकदोन जाहिरातसंस्था. आणि सगळ्यांना एकाच मजकुराची ई-मेल पाठवून दिली.

पाठवताना ‘Cc’ असे लिहिलेली ती चौकट दिसली. ही दोन अक्षरे म्हणजे वडिलांचा कार्बन कागदच की! मी बेलाशक अकराही पत्रांच्या चौकटीत प्राचार्यांचा पत्ता टाकला. साधा अध्यापक मी. माझ्या नावाला कोण विचारतो? प्राचार्यांचे नाव दिसले की पत्राला वजन येईल, एवढाच हिशेब.

वजन आले खरे, पण कुठे कुठे ते भलत्याच पारड्यात पडले.

पहिला फोन धुळ्याहून आला, आणि तो मला न येता थेट प्राचार्यांना गेला. एका संस्थेच्या कार्यवाहांनी विचारले, “मुलं किती पाठवणार, आणि त्यांची जबाबदारी कोणाची?” प्राचार्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या अधिकृत पत्त्यावर दिवसाला पन्नाससाठ पत्रे येतात, ती आधी कार्यालयातला लिपिक उघडतो, आणि नुसत्या माहितीसाठी आलेली प्रत तो साहेबांपुढे ठेवत नाही. प्राचार्य म्हणाले, “विचारून सांगतो.” या दोन शब्दांनी माझ्या पत्राचे वजन होते त्याहूनही कमी झाले. ज्या महाविद्यालयाच्या प्रमुखालाच पत्र ठाऊक नाही, ते पत्र महाविद्यालयाचे कसे?

संध्याकाळी मला बोलावणे आले. प्राचार्य रागावले नाहीत. “सर, मला पंगतीला बसवलंत,” ते म्हणाले, “पण आमंत्रणच दिलं नाहीत की हो!”

तेव्हापासून मी एक शिरस्ता ठेवला आहे. कोणालाही प्रत घालण्यापूर्वी पाच ओळींची चिठ्ठी स्वतः प्राचार्यांच्या हाती द्यायची : कोणकोणाला लिहीत आहे, काय मागत आहे, कोणाचा फोन येण्याचा संभव आहे, आणि आला तर महाविद्यालयाने काय कबूल करायचे. त्यांनी एखाद्या नावावर काट मारली, तर ते पत्र एकट्या माझ्या नावाने जाते किंवा जातच नाही.

दुसरे प्रकरण एका वर्तमानपत्राच्या कार्यालयातले. तिथल्या उपसंपादकांचे उत्तर आले नाही. जानेवारी संपत आला, सत्र सुरू झाले. मी स्मरणपत्र पाठवले. आणि या वेळी प्राचार्यांच्या जोडीला त्यांच्या कार्यालयप्रमुखांचाही पत्ता त्या चौकटीत टाकला. तासाभरात उत्तर हजर! क्षमा मागितली होती, दोन मुले घेतली होती. मी स्वतःच्या युक्तीवर बेहद्द खूश झालो.

त्या उपसंपादकांचा दोष काय होता, ते मागाहून ध्यानात आले. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. जिल्ह्यातल्या प्रत्येक वार्ताहराचे पाय तिकडे धावत होते आणि मी, मराठीचा अध्यापक, हे विसरलो होतो! त्यांना माझे पत्र चारपाच दिवस बाजूला ठेवायचे होते, एवढेच. मी ते त्यांच्या वरिष्ठांपुढे नेऊन टाकले. नुसत्या स्मरणपत्रात नवे नाव घातले की त्याची तक्रार होते, मग मजकूर कितीही गोड असो. दोन्ही मुलांनी १२० तास कात्रणे कापली आणि चिकटवली. त्या गृहस्थांनी माझा फोन पुन्हा उचलला नाही, आणि मला त्यात त्यांचे काही चुकले असे वाटत नाही.

मात्र प्रत घालण्याने नुकसानच होते असे कोणी समजू नये. धुळ्याच्याच एका जुन्या वाचनालयाची गोष्ट सांगतो. तिथल्या ग्रंथपालबाईंचा पत्ता मी आधी चुकीचा लिहिला होता, म्हणून त्यांना पुन्हा लिहावे लागले. घाईत प्राचार्यांचे नाव राहून गेले. तीन आठवडे काही हालचाल नाही. शेवटी एसटीने गेलो. बाईंनी पत्राची छापील प्रत काढून दाखवली. त्यांनी ती जपून ठेवली होती. म्हणाल्या, “सर, मला मुली हव्याच आहेत हो. जुन्या मासिकांची सूची पडून आहे. पण हे कार्यकारी मंडळापुढं ठेवू कसं? यात कॉलेज कुठं आहे? उद्या एखादा अंक फाटला तर मी कोणाकडे बोट दाखवू?”

या बाईंनी मला जे शिकवले ते कोणत्या पुस्तकात मिळाले नसते. साहेबाच्या नावाने त्यांच्यावर छाप पडायची नव्हती. त्या माझ्या बाजूच्याच होत्या. त्यांना ते नाव हवे होते ते त्यांच्या वरच्यांना दाखवायला. पत्र घेणाऱ्याला ‘हो’ म्हणण्यापूर्वी आणखी कोणाला विचारावे लागणार असेल, तर आपल्या वरिष्ठांचे नाव त्याच्या हाती द्यावे. ते त्याच्या कामी येते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले आणि एक वाक्य वाढवले : ‘सामंजस्य करार करावा लागल्यास त्यावर प्राचार्य सही करतील, म्हणून त्यांना प्रत देत आहे.’ नाव का घातले ते पत्रातच सांगितले, की ते वटारलेल्या डोळ्यांसारखे दिसत नाही. आठवड्यात मंडळाची मंजुरी आली. पुढच्या पत्रव्यवहारात वेळापत्रक, डबे, बसचा पास असल्याच गोष्टी होत्या. तिथून प्राचार्यांना मोकळे केले, आणि तसे एका ओळीत बाईंना कळवलेही.

ती चौकट ज्यांना धीटपणाची वाटते ते तिच्या शेजारच्या ‘Bcc’ मध्ये साहेबांना लपवतात. आमच्या एका सहकाऱ्यांनी तसे केले होते. प्राचार्यांनी पत्र वाचून खुशीने ‘उत्तम!’ असे लिहिले आणि ‘Reply all’ दाबले. पडद्याआडचा पाहुणा रंगमंचावर येऊन टाळ्या वाजवू लागला! पलीकडच्या गृहस्थांनी पुढे काय लिहिले ते सहकारी सांगत नाहीत.

आता नानांचे सांगायलाच हवे. इतका वेळ मी ते टाळीत होतो.

नाना म्हणजे जळगावातले माझे जुने छापखानेवाले. माझ्या पहिल्या लेखसंग्रहाची मुद्रिते त्यांनी स्वतः तपासली आणि माझ्या एम. ए.ला न शोभणाऱ्या अकरा चुका काढल्या. लग्नपत्रिकाही त्यांनीच छापली. पैसे घेतले नाहीत. त्या अकरा पत्रांत एक नानांना गेले होते, प्राचार्यांच्या प्रतीसकट. तीन दिवसांनी उत्तर आले : ‘महोदय, आपले पत्र पोहोचले. विचार करून कळवू.’ महोदय! वीस वर्षांत नानांनी मला ‘मास्तर’ शिवाय हाक मारली नव्हती.

रविवारी गेलो. नाना कागदाचे रीम मोजत होते, ते मोजीतच राहिले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, म्हणाले, “मास्तर, तू माले चिठ्ठी धाडी का नोटीस?”

मी म्हटले, “नाना, ते आपलं नियमाप्रमाणं...”

“माझ्याकडं यायला तुला साहेबाचा हात धरावा लागला?”

याला काय उत्तर द्यायचे? त्यांना कोणाला विचारायचे नव्हते. छापखाना त्यांचा, ‘हो’ त्यांची. मी मागत होतो ते वीस वर्षांच्या ओळखीवर मिळाले असते, आणि मी ते हुद्द्याच्या जोरावर मागितले. त्या वर्षी नानांकडे मुले गेली नाहीत. मला चहा मिळाला. तो नानांच्या मुलाने आणून दिला.

पुढच्या वर्षी यादी करताना मी प्रत्येक नावापुढे थांबलो. पाच पत्रांना प्राचार्यांची प्रत गेली. दोन ठिकाणी विद्यार्थ्यांना मानधनाचा प्रश्न होता; तिथे प्रतीने भागण्यासारखे नव्हते, म्हणून पत्र प्राचार्यांच्याच सहीने गेले. तिघांना मी एकट्याने लिहिले. अकराव्या नावापुढे काही लिहिले नाही, आणि संध्याकाळी सायकल काढून छापखान्यात गेलो.

नानांनी सगळे ऐकून घेतले. “दोन पोरं दे,” म्हणाले. “मुद्रितं वाचायला. ऱ्हस्वदीर्घ येणारी दे.” मी उठलो, तशी त्यांनी खूण करून थांबवले. पलीकडे कटिंग मशीनचे पाते खाली येत होते. नाना त्याकडे पाहत म्हणाले, “मास्तर, पोरं इथं उभी राहतील. उद्या एखाद्याचं बोट सापडलं तर? तुझ्या साहेबाला कळव, पोरं माझ्याकडं आहेत म्हणावं. लेखी कळव.”

मी तिथेच फोनवर पत्र लिहिले, प्राचार्यांना, आणि Cc च्या चौकटीत नानांचे नाव घातले. नानांनी चष्मा लावून ते वाचले आणि ‘महाविद्यालया’तला एक राहून गेलेला काना दाखवून दिला.