साबण जंतू मारतो की हातावरून काढतो?

प्रिय आठवीच्या मुलांनो,

सुट्ट्या लागल्या त्या दिवशी तुमच्यापैकी एकीने विचारलं होतं, "सर, साबणानं जंतू मरतात ना? मग साबण लावून हात नुसते फडक्याला पुसले तर चालेल का?" तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. या दिवसांत तुमच्यातले बरेचजण घरच्यांबरोबर कापूस वेचायला जाता आणि धुऱ्यावर बसून शिदोरी खाता. म्हणून शाळा उघडायची वाट न बघता लिहितोय.

नाही, चालणार नाही. साध्या साबणानं हातावरचे बहुतेक जिवाणू मरत नाहीत. साबण त्यांना कातडीपासून सुटे करतो आणि वाहून न्यायचं काम पाणी करतं. पुसलेल्या हातावरचे जिवाणू फडक्यावर जातात, उरलेले हातावरच राहतात.

ते चिकटतात कशाला? तळहाताच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. तरी दिवसभर आपण चेहऱ्याला, केसांना, भाजीला हात लावतो आणि त्याचं तेल तळहातावर येतं. त्यात घाम आणि माती मिसळून एक पातळ थर बसतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. १ मिलिमीटरच्या रेघेवर असे ५०० एकामागे एक मावतील. एवढासा जीव त्या थरात अडकतो, हाताच्या रेघांत आणि नखांखाली दडतो. तेलात पाणी मिसळत नाही, त्यामुळे नुसतं पाणी ओतलं तर ते बरंचसं थरावरून निघून जातं.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं आणि त्याची कार्बनची लांब शेपटी तेलात शिरते. आपण हात चोळतो तेव्हा तेलाचा थर फुटून त्याचे बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंबाभोवती साबणाचे रेणू जमतात, शेपट्या आत आणि पाण्याकडची टोकं बाहेर. आता तो थेंब पाण्यात तरंगतो आणि त्याच्याबरोबर जिवाणूही सुटतात. म्हणून साबण लावून किमान २० सेकंद चोळायचं. कोरोनासारख्या विषाणूंचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, ते मात्र साबणानं फाटतं.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. २० जणांना सार्वजनिक जागी दारांच्या मुठी आणि कठडे हाताळायला सांगितले आणि मग त्यांचे हात तपासले. हात न धुता ४४ टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणाऱ्या प्रकारचे जिवाणू सापडले. नुसत्या पाण्यानं धुतल्यावर २३ टक्के, आणि साध्या साबणानं धुतल्यावर ८ टक्के. शून्य नाही, हे लक्षात ठेवा. पण त्यात कुठलाही खास जंतुनाशक साबण वापरलेला नव्हता, म्हणून घरी महागड्या वडीचा हट्ट धरू नका.

आता आपल्याकडची अडचण. हापशीच्या किंवा बोअरच्या पाण्यात साबण कितीही घासला तरी कधीकधी फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चोथा बसतो. ते दुष्फेन पाणी. खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतात. साबणातलं सोडियम जाऊन त्या जागी कॅल्शियम आलं की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, तोच चोथा. तेवढा साबण वाया गेला, त्यानं तेल सुटत नाही. म्हणजे अशा पाण्यात पहिल्यांदा घासलेला साबण कॅल्शियमपायी खर्च होतो. फेस दिसू लागला की मगच हात धुवायला साबण उरला असं समजा. तोवर वडी घासत राहा.

घरी एक करून बघा. हाताला गोड्या तेलाचे दोन थेंब लावून त्यावर कोळशाची बारीक पूड चोळा. आधी नुसत्या पाण्यानं धुवा, मग साबणानं. साबणानंतरही काळं कुठे राहिलं ते नीट पाहा. बहुधा अंगठ्याच्या बुडाशी, बोटांच्या टोकांवर आणि नखांच्या कडेला राहील. जेवताना घास नेमका त्याच टोकांनी उचलतो.

शेतात जाताना साबणाचा तुकडा डबीत घालून न्या. भांड्यात हात बुडवू नका, त्यातच सुटलेलं सगळं परत हाताला लागतं. एकानं तांब्यानं वरून धार धरावी, दुसऱ्यानं धुवावं. नंतर हात पँटीला पुसू नका. वाऱ्यावर वाळू द्या, कारण ओल्या हाताला जिवाणू लवकर चिकटतात.

आणि शाळा उघडल्यावर प्रत्येकानं आपल्या घरच्या पाण्याची एक बाटली आणा. वर गावाचं नाव आणि विहीर, हापशी की नळ ते लिहा. साबणाच्या पाण्याचे किती थेंब टाकल्यावर कोणाच्या बाटलीत फेस टिकतो, ते आपण वर्गात मोजू.

तुमचे,
विज्ञानाचे सर