पैसे नेमके कोठे अडकतात?

बँकेतील नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी आप्तेष्टांचे प्रश्न अद्याप माझ्याकडे येतात. अलीकडे वारंवार येणारा प्रश्न असा : मोबाइलवरील ॲपमध्ये एखादी वर्गणी भरताना कार्डाचा तपशील दिला, पुढे बँकेचे ओटीपीचे पान उघडावयाचे, परंतु पडदा पांढराच राहिला किंवा 'वेळ संपली' असा संदेश आला. आता पैसे गेले की राहिले?

याचे उत्तर व्यवहार कोणत्या टप्प्यावर थांबला यावर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारास अतिरिक्त पडताळणी आवश्यक आहे. म्हणून आधी कार्ड देणारी बँक खातेदाराची ओळख पटविते आणि त्यानंतरच रकमेस मंजुरी देते. ओटीपीचे पानच उघडले नसेल, तर मंजुरीची पायरी सहसा आलेलीच नसते. मात्र ओटीपी भरून पाठविल्यावर पडदा गोठला असेल, तर रक्कम वजा झालेली असू शकते. अशा वेळी पुन्हा बटण दाबण्यापूर्वी खात्याचा उतारा आणि ॲपमधील खरेदीची नोंद, दोन्ही पाहावीत. अन्यथा एकाच वस्तूचे पैसे दोनदा जातात.

पान न उघडण्याचे कारण पुष्कळदा आपल्या फोनमध्येच असते. ते पान ॲपचे नसते. बँकेच्या वतीने पडताळणी करणाऱ्या दुसऱ्याच सर्व्हरवरून ते येते आणि ॲपच्या आत एका छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉइड फोनमध्ये या ब्राउझरचे नाव Android System WebView असे आहे. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभर असंख्य ॲप एकाएकी बंद पडू लागली होती. त्यामुळे प्ले स्टोअरमध्ये जाऊन WebView आणि Chrome अद्ययावत आहेत ना, हे पाहणे हा पहिला उपाय. फोनची तारीख व वेळ चुकीची असल्यासही सुरक्षित पान उघडत नाही. ती 'आपोआप' या पर्यायावर ठेवावी.

येथे सोलापुरात माझ्या भाचीने स्पर्धा परीक्षेच्या एका ॲपची वार्षिक वर्गणी भरावयास घेतली, तेव्हा नेमके हेच झाले. पान पांढरे, मध्ये गोल फिरत राहिलेले. ओटीपी आलाच नव्हता आणि उताऱ्यात नोंद नव्हती. म्हणजे रक्कम सुरक्षित होती. प्रथम घरचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिले. फरक पडला नाही. तारीख-वेळ बरोबर होती, WebView ही नवे होते. मग सेटिंग्जमध्ये Private DNS पाहिले, तर तेथे जाहिराती अडविणाऱ्या एका सेवेचे नाव भरलेले आढळले. अशी सेवा कधीकधी पडताळणीच्या सर्व्हरचा पत्ताही अडविते, आणि वाय-फाय बदलले तरी ती कायम राहते. तो पर्याय Automatic वर नेताच पान उघडले. त्यावर ॲपचे नाव, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक बरोबर आहेत, याची तिने खात्री करून घेतली.

तरी दुसरी अडचण आलीच. ओटीपी वाचण्यासाठी ती संदेशांच्या ॲपमध्ये गेली आणि परतली तेव्हा पान संपलेले होते. फोनची स्मृती अपुरी असल्यास मागे गेलेले ॲप फोन स्वतःच बंद करतो. पुन्हा एकदा खात्यात नोंद नाही हे पाहून, इतर ॲप बंद करून तिने नव्याने आरंभ केला. या वेळी वरच्या पट्टीत उतरलेल्या सूचनेतच ओटीपी वाचला, ॲप सोडले नाही, आणि वर्गणी भरली गेली. एवढे करूनही जमले नसते, तर त्याच खात्याने त्या ॲपच्या संकेतस्थळावर Chrome मधून पैसे भरणे हा मार्ग होता.

आणि रक्कम वजा होऊनही वर्गणी सुरू झाली नाही तर? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, विक्रेत्याकडे पुष्टी न पोहोचलेल्या अशा देशांतर्गत व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी बँकेने ग्राहकास १०० रुपये द्यावयाचे आहेत. विक्रेता परदेशी असल्यास मात्र हा नियम लागू होत नाही.

म्हणून व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे व बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. बँकेचा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या मागील बाजूवरूनच घ्यावा, इंटरनेटवर शोधून नव्हे. तीस दिवसांत समाधान न झाल्यास cms.rbi.org.in येथे लोकपालाकडे दाद मागता येते.