टोला आणि मोजणी

विटीदांडूत लांब टोला बसला की बघणारे दंडाकडे बघतात. खरी कमाई त्याच्या आधीच्या टिचकीची असते. विटी जमिनीवर पडलेली असते, दोन्ही टोकांना निमुळती. त्या उतारावर, अगदी टोकाशी, दांडूने वरून हलकेच मारायचं. मनगट सैल हवं. जोर लावला की विटी डोक्यावरून मागे जाते किंवा वेडीवाकडी पळते, आणि मार पोटावर बसला तर जागच्या जागी लोळते. भुसभुशीत मातीत टोक रुततं, म्हणून जाणता खेळाडू घट्ट, तुडवलेली जागा शोधतो.

विटी गिरक्या घेत कमरेइतकी वर आली की क्षणभर रेंगाळते. टोला तेव्हाच. दांडूच्या शेंड्यापासून चार बोटं आत आणि विटीच्या बरोबर मधोमध. टोकाला लागला तर सगळा जोर गिरकी वाढवण्यात जातो. विटी भिरभिरते खूप, जात मात्र कुठेच नाही. उंच उडवण्याचाही मोह नको, वर गेलेली विटी झेलायला गडी टपलेलेच असतात.

अर्थात टोल्याची पाळी येण्याआधी गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची असते. ती कुणी झेलली तर डाव गेला. झेलली नाही, तर समोरचा गडी पडल्या जागेवरून ती गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेकतो. लागली की बाद. एवढ्यातून वाचला त्यालाच टोला.

मग मोजणी, आणि भांडणंही इथलीच. विटी पडली तिथून गलीपर्यंत दांडू टाकत यायचं: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वई, झक्कू. सात झाले की पुन्हा वकट. (गावागणिक उच्चार बदलतात.) समजा दांडू दोन फुटांचा आणि विटी नव्वद फुटांवर पडली. पंचेचाळीस दांडू झाले. सहा वेळा झक्कू होऊन बेचाळीस सरले, उरले तीन, म्हणजे मुंड. ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्याच्या ठरलेल्या पद्धतीने पुढचा टोला मारायचा. आमच्याकडे वकटाला विटी पावलावर, मुंडाला मुठीवर. मुठीवरची विटी उडवून मारणं हे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून नव्वद फुटांचा टोला मारणाऱ्याचाच डाव पुढच्या क्षणी जायचा, आणि शहाणा मोजणारा शेवटचा दांडू किंचित तिरका टाकून मुंडाचं नाल करायचा. आरडाओरडा त्यावरूनच.

डोळ्यावर विटी ठेवून उडवायचाही एक प्रकार होता. बाकी सगळं मुलांना जरूर शिकवा. तेवढा मात्र वगळा, आणि टोला मारणाऱ्याच्या समोर कुणाला जवळ उभं राहू देऊ नका.