दोन तासांची नोकरी

स्ट्रोक म्हटलं की लोकांना वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. माझं तोंड सरळ होतं. उजवा हात तीन महिन्यांत बऱ्यापैकी परत आला होता. त्यामुळे खारेपाटणात घरी भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "अरे, तू तर बरा झालास!" आणि नेमकं तिथेच सगळं अडायचं. जे उरलं होतं, ते बाहेरून दिसत नव्हतं.

उरला होता तो थकवा. हा दिवसभर राबल्यावर येणारा थकवा नव्हे. स्ट्रोक लहान असला तरी हा थकवा मोठा असू शकतो, आणि तो हळूहळू न येता एकदम येतो. फोनची बॅटरी चाळीस टक्के दाखवता दाखवता फोन बंद पडावा, तसा. दुसरी गोष्ट म्हणजे एका वेळी दोन कामं जमत नव्हती. मीटिंगमध्ये ऐकत ऐकत टाइप करायला गेलो की दोन्ही सुटायचं. तिसरी, घाईत नेमका शब्द सापडत नव्हता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय अठ्ठावीस. कामावर परतायचं ठरल्यावर पहिली अडचण आली ती सर्टिफिकेटची. डॉक्टर साधारणपणे एकच ओळ लिहून देतात : कामावर रुजू होण्यास योग्य. ही ओळ वाचून कुठलीही कंपनी नऊ तासच मोजणार. म्हणून मी न्यूरोलॉजिस्टना विनंती केली, की काय करू शकतो आणि काय नको, ते लिहून द्या. त्यांनी लिहिलं : सुरुवातीला दिवसाला दोन तास, एक दिवसाआड, रात्रपाळी नाही, दर महिन्याला फेरतपासणी. ही चिठ्ठी नसती, तर पुढचं बोलणं नुसती सवलत मागण्यासारखं झालं असतं.

मॅनेजरशी बोलायच्या आधी मी एका कागदावर तीन रकाने केले : जमतं, वेळ लागतो, सध्या नको. कोड रिव्ह्यू, टेस्ट लिहिणं, जुन्या मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन पहिल्यात. नवीन फीचर दुसऱ्यात. ऑन-कॉल आणि प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट तिसऱ्यात, कारण तिथे रात्री दोनला उठून, चार लोक बोलत असताना, झटपट निर्णय घ्यावा लागतो. माझ्या तिन्ही अडचणी तिथे एकदम समोर येतात.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "पूर्ण बरा कधी होशील, ते सांग. मला प्लॅनिंग करायचंय."

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण दर दोन आठवड्यांनी मी काय करू शकतो, ते नक्की सांगू शकतो."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "तारखेवर अवलंबून असलेलं काही तुला देणार नाही. टीमला काय सांगू?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे माझं मी ठरवणार होतो. मी सांगा म्हटलं, पण तपशील नको. शिवाय मीटिंग अर्ध्या तासाची, मुद्दे आधी लेखी, आणि उत्तर लगेच नाही आलं तर दिवसभरात येईल, एवढं ठरलं. आमच्याकडे पावसात लाईट गेली की नेट जातं, त्यामुळे लेखी कामाची पद्धत तशीही सोयीची पडली. उरलेले तास रजेतून अर्धा अर्धा दिवस करून भागवले.

पहिले दोन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते बारा. मग तीन तास, मध्ये अर्धा तास आडवं पडून. मोबाइल बघणं म्हणजे विश्रांती नव्हे. वाढवायचं ते एका वेळी एकच, एकतर तास, नाहीतर दिवस. आणि मोजमाप कामाच्या दिवशी करायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी. काम करताना उत्साहात चार तास सहज जातात. किंमत उद्या कळते.

पाचव्या आठवड्यात चार तास केले. दुसऱ्याच गुरुवारी एकच फंक्शन तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना, आणि जेवताना मला 'वाटी' हा शब्द आठवेना. आई म्हणाली, "तुका झेपात तेवढाच कर." मॅनेजरला मेसेज केला : दोन आठवडे परत तीन तास. तिने फक्त 'ओके' लिहिलं. मागे येण्याची सोय आधीच ठरलेली असल्यामुळे कुणालाच स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

हे सगळं मॅनेजरच्या चांगुलपणावर मात्र सोडू नये. अपंगत्व राहिलं असेल, तर 2016चा दिव्यांग हक्क कायदा बघावा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते एचआरकडे मागता येतं.

आज सहा तासांवर आहे. उजव्या हाताची करंगळी शिफ्टवर वेळेत पोहोचत नाही, म्हणून स्टिकी कीज चालू ठेवतो. ऑन-कॉल अजून तिसऱ्याच रकान्यात आहे. डॉक्युमेंटेशन मात्र आता टीममध्ये माझंच समजलं जातं, आणि नवीन मुलं आधी ते वाचून मग प्रश्न विचारतात.